कोर्टाआधीचा शेवटचा ईमेल

माल पोचला, बिल गेले, मुदत टळली आणि पार्टीकडून "पुढच्या आठवड्यात बघतो" एवढेच ऐकू येते. अशा वेळी लहान उद्योजक एक तर गप्प बसतो, नाही तर संतापून काहीबाही लिहितो. दोन्हींत नुकसान त्याचेच. कारवाईआधीचा शेवटचा ईमेल दोघांसाठी लिहायचा असतो. आज तो ग्राहक वाचणार आणि प्रकरण पुढे गेलेच, तर उद्या तुम्हा दोघांनाही न ओळखणारा अधिकारी वाचणार. त्या अधिकाऱ्याला कुणालाही काही न विचारता सगळे कळले पाहिजे.

समजा, भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपची दोन बिले थकली आहेत. ईमेल लिहिण्याआधी खाते जुळवून घ्यायचे. पार्टीने टीडीएस कापला आहे का, नाकारलेल्या मालाची डेबिट नोट आली आहे का, हे तपासायचे. आकडा चुकला, तर ग्राहक पैशांबद्दल बोलतच नाही. चुकीबद्दलच बोलत राहतो. आकडा पक्का झाल्यावर मजकूर असा:

विषय: थकीत रक्कम ₹१,८६,०००, कायदेशीर कारवाईपूर्वी अंतिम मागणी

दि. ३ नोव्हेंबर २०२५

स.न.वि.वि.

आपल्या ऑर्डरनुसार दिलेल्या मालाची बिल क्र. ११२ (१० जून २०२५, ₹१,४२,५००) आणि बिल क्र. १२७ (४ जुलै २०२५, ₹९३,५००) यांची ३० दिवसांची मुदत अनुक्रमे १० जुलै व ३ ऑगस्टला संपली. एकूण ₹२,३६,००० पैकी २० ऑगस्टला ₹५०,००० मिळाले. बाकी ₹१,८६,०००.

ही रक्कम मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ५ वाजेपर्यंत आमच्या खात्यात जमा करावी. तोपर्यंत ती पूर्ण मिळाल्यास व्याज मागणार नाही. हिशेबाबाबत हरकत असल्यास ७ नोव्हेंबरपर्यंत लेखी कळवावे.

रक्कम न आल्यास सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे व्याजासह अर्ज दाखल करू.

सोबत: बिले, सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलने, खातेउतारा, बँक तपशील.

यात "लवकरात लवकर" नाही. तारीख आणि वेळ आहे. "योग्य ती कारवाई" नाही. कुठे जाणार ते सांगितले आहे. परिषदेचे नाव घेण्याला वजन आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पैसे देण्याची मुदत करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. ती टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. मालाबद्दलची हरकतही माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी घ्यावी लागते. त्यामुळे पैसे मागितल्यावर अचानक माल खराब ठरवणाऱ्याची बाजू कमकुवत होते. मात्र हा मार्ग उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या व्यापाऱ्यासाठी नाही. आणि उद्यम नोंदणी माल देण्याआधीचीच असलेली बरी.

ज्यांना हा मार्ग नाही, त्यांनी दिवाणी दाव्याचा उल्लेख करावा आणि व्याजाची मागणी स्पष्ट लिहावी. करारात व्याजाची अट नसली, तरी १९७८ च्या व्याज कायद्यानुसार लेखी मागणीत नमूद केलेल्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकते. ते एक वाक्य राहून गेले, तर तेवढ्या काळाचे व्याज हातचे जाऊ शकते.

रागाच्या भरात "पोलिसांत देईन", "बाजारात नाव खराब करीन" असे लिहू नये. पैसे थकवणे हा एरवी दिवाणी वाद असतो आणि अशी धमकी पुढे तुमच्याच विरोधात दाखवली जाते. चेक परत आला असेल, तर गोष्ट वेगळी. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यावर ग्राहकाला पैसे भरायला १५ दिवस मिळतात. ती नोटीस वकिलाकडूनच जाऊ द्यावी.

ईमेल ऑर्डरवर दिलेल्या पत्त्यावर, मालक आणि अकाउंट्स दोघांनाही पाठवावा. छापील प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. उत्तर आले, तर जपून ठेवावे. "रक्कम मान्य आहे, थोडा वेळ द्या" अशी ग्राहकाची सहीनिशी लेखी कबुली दाव्याची तीन वर्षांची मुदत संपण्याआधी मिळाली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. तुमच्या स्वतःच्या स्मरणपत्रांनी मात्र ती एका दिवसानेही वाढत नाही. थोडेच पैसे आले, तर "बाकीवरचा हक्क कायम ठेवून" अशी लेखी पोच द्यावी.

म्हणून १८ तारीख लिहिण्यापूर्वीच अर्जाची कागदपत्रे तयार असावीत. मुदत उलटली की दुसरा "शेवटचा" ईमेल पाठवू नये. १९ तारखेला अर्ज दाखल करावा. तसे केले, तरच पुढच्या वेळी तुम्ही लिहिलेल्या तारखेला पार्टी किंमत देईल.