टेस्टर पास झाला, तरी हिरा नव्हे

मॉयसनाइटच्या अंगठ्यांच्या जाहिरातीत हल्ली एक ओळ हमखास दिसते: ‘डायमंड टेस्टर पास’. पेनासारख्या यंत्राचं टोक खड्याला टेकवलं की दिवे चढत जातात, बीप वाजतो आणि गिऱ्हाइकाची खात्री पटते. जाहिरात खोटं बोलत नाही, पण त्या बीपचा आपण लावतो तो अर्थ चुकीचा असतो.

हे साधं पेन खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहून जाते, एवढंच तपासतं. काचेतून किंवा ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या झिरकोनियातून ती सावकाश जाते, म्हणून तिथे पेन गप्प राहतं. मॉयसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. त्यातून उष्णता इतकी सहज वाहते की पेनाला तो हिराच वाटतो. आँरी मॉयसाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञालाही 1893 मध्ये ॲरिझोनातल्या उल्केच्या नमुन्यात हे स्फटिक सापडले, तेव्हा आधी ते हिरेच वाटले होते. दागिन्यांतला मॉयसनाइट मात्र प्रयोगशाळेत वाढवलेला असतो. तो 1998 च्या सुमारास बाजारात आला.

म्हणून सराफ दुसरं यंत्र ठेवतात, ते वीज तपासतं. मॉयसनाइटमधून थोडी वीज वाहते, बहुतेक हिऱ्यांतून वाहत नाही. पण अगदी रंगहीन मॉयसनाइटमध्ये ती कधीकधी इतकी कमी असते की यंत्राला कळतच नाही. उलट, प्रयोगशाळेतल्या काही हिऱ्यांत बोरॉनचा अंश राहिला असेल तर त्यातून वीज वाहते आणि खऱ्या हिऱ्यालाही यंत्र मॉयसनाइट ठरवतं.

शेवटी भरवशाचं ठरतं ते दहापट भिंग. मॉयसनाइटमध्ये शिरणारा किरण दुभंगतो, त्यामुळे खड्याच्या मागच्या बाजूच्या पैलूंच्या कडा जोडीने दिसतात. सरळ वरून बघितलं तर मात्र हे कळत नाही, कारण त्या दिशेने कडा एकेरीच दिसाव्यात अशा बेताने खडा कापलेला असतो. तो किंचित तिरपा धरून बाजूच्या पैलूतून आत बघायचं. एका रेषेच्या जागी दोन रेषा दिसल्या की तो हिरा नाही. सराफाकडे भिंग मागायला संकोचू नका.

चमकही वेगळी असते. पांढऱ्या प्रकाशाचे रंग फोडण्याची मॉयसनाइटची ताकद हिऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे (0.104 विरुद्ध 0.044). दुकानातल्या दिव्यांखाली त्यातून लाल-निळे झोत फुटतात. काहींना तेच आवडतं. माझ्या मते लहान खड्यात हा फरक सहसा खुपत नाही, पण मोठ्या सॉलिटेअरमध्ये रंगांची उधळण जास्त होते आणि सरावलेल्या नजरेला ते लगेच कळतं.

कडकपणाची चिंता नको. मोज मापावर हिरा 10, तर मॉयसनाइट सुमारे 9.25. घरातल्या धुळीतली वाळू 7 च्या आसपास असते, म्हणजे रोजच्या वापराने त्यावर ओरखडे पडत नाहीत. फक्त तो हिऱ्याच्या दागिन्यासोबत एकाच डबीत ठेवू नये. कधी त्यावर तेलकट, इंद्रधनुषी थर दिसतो. तो बहुधा वरवरचा असतो आणि साबणाचं कोमट पाणी व मऊ ब्रश किंवा पॉलिशचं कापड यांनी निघतो.

खरा फरक पडतो विकताना. समजा, 6.5 मिलिमीटरचा गोल खडा 18 कॅरट सोन्याच्या अंगठीत आहे. या आकाराचा हिरा एक कॅरटच्या आसपास भरतो; मॉयसनाइट हलका, म्हणून साधारण 0.88 कॅरट, म्हणजे 0.18 ग्रॅम. अंगठीचं एकूण वजन 4.18 ग्रॅम असेल तर सोनं 4 ग्रॅम आणि त्यात शुद्ध सोनं 3 ग्रॅम. मोडायला गेलात की त्या 3 ग्रॅमचे त्या दिवसाच्या भावाने, घट वजा करून पैसे मिळतील. घडणावळ गेली आणि खड्याचेही बहुधा काहीच मिळणार नाहीत. नव्या मॉयसनाइटचा खडाच काही हजारांत मिळत असताना जुना कोण घेणार?

नैसर्गिक हिऱ्याचीही मोड पूर्ण रकमेत होते असं नाही. विकणारा सराफ बिलावरच्या अटीप्रमाणे घेतो, दुसऱ्या दुकानात भाव बराच खाली येतो. तरी काही तरी हातात पडतं. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचे भाव गेल्या काही वर्षांत घसरले आहेत, तेव्हा त्याच्या परताव्यावरही विसंबू नये.

हौसेसाठी, रोज घालायला मॉयसनाइट मला उत्तम वाटतो, पण त्याला गुंतवणूक समजू नका. बिलावर ‘मॉयसनाइट’ असा स्पष्ट शब्द, खड्याचं वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगवेगळं लिहून घ्या. ‘डायमंड’ एवढंच लिहिलेलं बिल स्वीकारू नका.