फोटोतल्या अलॉय व्हीलचं माप

जुन्या अलॉय व्हीलच्या जाहिरातीत फोटो असतो, माप बहुधा नसतं. फोटोवरून माप काढता येतं, पण त्यासाठी व्हील अगदी समोरून घेतलेलं हवं. ते लंबगोल दिसत असेल तर दुसरा फोटो मागवा. शिवाय फोटो चार पावलं मागे जाऊन झूम करून काढायला सांगा, कारण फोन जवळ धरला की पुढे आलेला भाग उगाच मोठा दिसतो.

आधी बोल्टची भोकं मोजायची. ती ज्या काल्पनिक वर्तुळावर असतात, त्याच्या व्यासाला गॅरेजात पीसीडी म्हणतात. चार भोकं असली तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर हाच पीसीडी. पाच भोकांत समोरासमोर जोडी नसते, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर घेऊन त्याला १.७ ने गुणायचं.

समजा, पाच भोकांच्या एका व्हीलच्या फोटोत रिमची बाहेरची कड ८३० पिक्सेल भरली आणि शेजारच्या भोकांतलं अंतर ११८. म्हणजे पीसीडी सुमारे २०० पिक्सेल, रिमच्या २४ टक्के. इथेच लोक फसतात. १५ इंची रिमवर १०० मिलिमीटरचा पीसीडी असला तरी हेच प्रमाण येतं आणि १७ इंची रिमवर ११४.३ चा असला तरी हेच. नुसत्या प्रमाणावरून दोघांत फरक कळणार नाही.

त्यामुळे विकणाऱ्याला भोकांच्या पातळीवर एटीएम कार्ड ठेवून फोटो काढायला सांगा. कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर असते. आपल्या फोटोत ती १७१ पिक्सेल भरली, तर एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. पीसीडी १०० आला आणि बाहेरची कड सुमारे ४१५ मिलिमीटर. ४१५ म्हणजे सव्वासोळा इंच, तरी हे व्हील १५ चंच आहे. रिमचा आकार टायर जिथे बसतो तिथे मोजतात आणि कड त्याहून दोन्ही बाजूंना सतरा-सतरा मिलिमीटर वर असते.

पाच भोकं आणि १०० पीसीडी म्हटलं की आपल्याकडे पोलो, व्हेंटो, रॅपिड ही नावं पुढे येतात. पण टोयोटा प्रियसच्या काही पिढ्यांना आणि सुबारू इम्प्रेझालाही हाच पीसीडी आहे. निवाडा मधलं भोक करतं: फोक्सवॅगन-स्कोडाचं ५७.१, सुबारूचं ५६.१, प्रियसचं ५४.१ मिलिमीटर. एवढा बारीक फरक फोटोत खात्रीने दिसत नाही, तो कॅलिपरनेच मोजायला हवा. फियाटचा चार भोकांचा ९८ आणि इतरांचा १०० यांतला फरकही फोटोत ओळखता येत नाही. पोलो की व्हेंटो, हे तर माप जुळूनही ठरणार नाही, कारण एकच व्हील दोघींना बसतं.

खरा पुरावा व्हीलच्या पाठीमागे असतो. तिथे रुंदी, व्यास आणि ईटी, म्हणजे ऑफसेट, ओतीव अक्षरांत असतात. कंपनीचं व्हील असेल तर पार्ट नंबरही. ऑफसेट समोरच्या फोटोतून कधीच कळत नाही आणि तो चुकला तर टायर आतल्या भागांना किंवा मडगार्डला घासतो. पाठीमागचा स्पष्ट फोटो मिळेपर्यंत पैसे पाठवू नका.