‘झोप बिघडते’ म्हणजे नेमकं काय मोजायचं?

संशोधन पद्धतीच्या पहिल्याच अभ्यासक्रमात एखादी विद्यार्थिनी वहीत लिहिते: ‘मोबाइलच्या अतिवापरामुळे विद्यार्थ्यांची झोप बिघडते.’ वाक्य सगळ्यांना पटतं. तरी ते खोटं कसं ठरवायचं, हे त्यातून कळत नाही. ‘अति’ म्हणजे किती? ‘बिघडते’ म्हणजे उशिरा लागते, मध्येच मोडते की सकाळी डोळे जड राहतात? उत्तर काहीही आलं तरी ‘मी हेच म्हणत होते’ असं म्हणता येत असेल, तर ती परिकल्पना नव्हे, नुसतं मत.

म्हणून दोन्ही चलांची कार्यात्मक व्याख्या करायची, म्हणजे आकडा कुठून आणि कसा घ्यायचा ते ठरवायचं. वेगवेगळ्या दोघांनी मोजलं तरी आकडा एकच यायला हवा.

मोबाइलचा वापर म्हणजे रात्री दहा ते बारा या वेळात स्क्रीन चालू असलेली मिनिटं. ‘रोज किती वेळ पाहता?’ असं विचारलं तर लोक अंदाजाने सांगतात, आणि अंदाज चुकतो. त्यापेक्षा फोनमधली स्क्रीन टाइमची नोंद घ्यावी. सगळ्याच फोनमध्ये ती तासवार दिसत नाही, त्यामुळे आधी पाच-सहा फोन तपासून पाहावेत.

झोपेसाठी १९८९ साली प्रसिद्ध झालेली ‘पिट्सबर्ग’ प्रश्नावली आहे. तिचे गुण ० ते २१ असतात आणि पाचाच्या वर गेले की झोप खराब मानतात. इथे अनेकांची गफलत होते: या प्रश्नावलीत गुण जास्त म्हणजे झोप वाईट.

आणखी एक खाच आहे. प्रश्नावली मागच्या महिन्याबद्दल विचारते. फोनची नोंद मात्र एकाच आठवड्याची घेतली आणि तो नेमका परीक्षेचा निघाला, तर एका काळातली झोप दुसऱ्याच काळातल्या फोनशी जुळवली जाते. त्यापेक्षा चार रविवार नोंद उतरवून घ्यावी, अठ्ठावीस रात्रींची सरासरी काढावी आणि मग प्रश्नावली भरून घ्यावी.

आता परिकल्पना अशी होते: ‘वसतिगृहातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये रात्री दहा ते बारामधील स्क्रीनची सरासरी मिनिटं जितकी जास्त, तितके पिट्सबर्ग प्रश्नावलीचे गुण जास्त.’ तिच्यासमोर शून्य परिकल्पना उभी असते: या दोन्हींत काही संबंध नाही. गुण मिनिटांबरोबर वाढलेच नाहीत, किंवा उलट कमी झाले, तर आपल्या परिकल्पनेला आधार मिळाला नाही असं सरळ लिहायचं.

पहिल्या वाक्यातला ‘मुळे’ या वाक्यात नाही. ज्याला झोपच लागत नाही तोही कूस बदलता बदलता फोन हातात घेतो. फोनने झोप घालवली की झोप नाही म्हणून फोन आला, हे नुसत्या नोंदींवरून सांगता येत नाही. ‘मुळे’ लिहायचं असेल, तर काही जणांना चिठ्ठ्या टाकून निवडावं लागेल आणि त्यांचे फोन रात्री दहाला बाजूला ठेवायला लावावे लागतील.