हरवलेले कार्ड आणि खात्यातील नोंदींची छाननी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वाळूज औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या हजारो कामगारांचा पगार दरमहा बँक खात्यात जमा होतो आणि त्यातील बराचसा खर्च डेबिट कार्डाने होतो. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी किंवा जोगेश्वरी येथे खोली घेऊन राहणाऱ्या कामगाराचे कार्ड हरवले, तर ते त्वरित बंद करावे ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक झाली आहे. परंतु कार्ड बंद झाले म्हणजे काम संपले, अशी जी समजूत आढळते ती बरोबर नाही. कार्ड हरवल्यापासून ते बंद होईपर्यंत खात्यातून जी रक्कम गेली, तिचा भार कोणावर पडणार हे खात्यातील प्रत्येक नोंदीच्या वेळेवर अवलंबून असते. म्हणून नोंदी वेगवेगळ्या करणे हे कार्ड बंद करण्याइतकेच आवश्यक असे काम होय.

भारतीय रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी व्यापारी बँकांसाठी आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठी परिपत्रके काढून, खातेदाराच्या संमतीविना झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची जबाबदारी कशी वाटली जावी हे ठरवून दिले. त्यातील एक तत्त्व विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. खातेदाराने स्वतः निष्काळजीपणा केला असेल, उदाहरणार्थ आपला पिन दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंत झालेले नुकसान त्याने सोसावयाचे असते. मात्र कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसावयाचे असते. येथे विभाजनाची रेषा ‘कळविणे’ ही आहे, ‘कार्ड प्रत्यक्ष बंद होणे’ ही नव्हे. या दोन घटनांमध्ये काही मिनिटांचे, प्रसंगी काही तासांचेही अंतर पडू शकते, आणि त्या अंतरात झालेली नोंद खातेदाराच्या बाजूने अत्यंत बळकट असते.

तीन वेळा निश्चित कराव्यात

छाननीस बसण्यापूर्वी तीन वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. पहिली, खातेदाराने स्वतः कार्ड शेवटचे वापरले ती वेळ. दुसरी, त्याने बँकेस कळविले ती वेळ. तिसरी, कार्ड बंद झाल्याचा संदेश बँकेकडून आला ती वेळ. या तीन वेळांमुळे संपूर्ण खातेउताऱ्याचे चार भाग पडतात आणि प्रत्येक नोंद यांपैकी एका भागात बसवावयाची असते.

दुसऱ्या वेळेचा पुरावा जपून ठेवणे अगत्याचे आहे. दूरध्वनीवरून कळविले असल्यास भ्रमणध्वनीतील कॉलची नोंद, तसेच बँकेने दिलेला तक्रार क्रमांक जतन करावा. तक्रार मिळताच पोच आणि क्रमांक द्यावा, आणि संदेश पोहोचल्याची व खातेदाराचे उत्तर मिळाल्याची तारीख व वेळ आपल्या यंत्रणेत नोंदवावी, असे बंधन 2017 च्या परिपत्रकाने बँकांवर घातले. शाखेत जाऊन तोंडी सांगितले असेल, तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय परतू नये.

पासबुकावर मात्र सहसा केवळ तारीख छापली जाते, वेळ नसते. ज्या दिवशी कार्ड हरवले त्याच दिवसाच्या नोंदी वेगळ्या करताना पासबुक त्यामुळे अपुरे पडते. अशा वेळी भ्रमणध्वनीवर आलेले संदेश उपयोगी पडतात. संदेश पुसले गेले असतील, तर प्रत्येक वादग्रस्त नोंदीची वेळ आणि तिचा संदर्भ क्रमांक यांची मागणी शाखेकडे लेखी करावी.

नोंदीची तारीख आणि व्यवहाराची वेळ

छाननीत सर्वाधिक घोटाळा होतो तो येथे. कार्ड बंद केल्यानंतरच्या तारखेस एखादी रक्कम खात्यात नावे पडलेली दिसली, की कार्ड नीट बंद झालेच नाही, असा समज होतो. वस्तुतः दुकानातील यंत्रावर कार्ड वापरले जाते तेव्हा बँक प्रथम त्या रकमेस मंजुरी देते. पुष्कळ व्यवहारांत रक्कम त्याच क्षणी नावे पडते. परंतु काही व्यवहारांत ती केवळ राखून ठेवली जाते आणि अंतिम हिशेब एक-दोन दिवसांनी होतो. पेट्रोल पंप आणि हॉटेल येथील व्यवहारांत असे घडू शकते. कार्ड बंद करण्याने नवी मंजुरी थांबते. आधीच दिलेली मंजुरी मागे घेतली जात नाही. म्हणून उताऱ्यावरील तारखेवर विसंबून न राहता मंजुरीची वेळ पाहावी.

याखेरीज कार्डाशी संबंध नसलेल्या नोंदीही असतात. कर्जाचा हप्ता खात्यातून परस्पर वळता करण्याची संमती दिलेली असेल, तर उताऱ्यावर `NACH` अशी खूण आढळते. ती संमती खात्याला जोडलेली असल्याने कार्ड बंद झाले तरी हप्ता जातोच. यूपीआयचे व्यवहारही, `UPI` अशी खूण असलेले, कार्डावाचून चालू राहतात. कार्डाबरोबर भ्रमणध्वनीही हरवला असेल, तर केवळ कार्ड बंद करून खाते सुरक्षित होत नाही. यूपीआय सेवा आणि सिम कार्ड ही दोन्ही स्वतंत्रपणे बंद करवून घ्यावी लागतात, आणि त्यांच्याविषयी कळविल्याची वेळही स्वतंत्रपणे नोंदवावी लागते.

एक नमुना हिशेब

हे स्पष्ट होण्यासाठी वाळूज येथील एका कामगाराच्या खात्याचे कल्पित उदाहरण घेऊ. शुक्रवार, 7 जून 2024 रोजी सायंकाळी 5 वाजून 40 मिनिटांनी त्याने एटीएममधून 2,000 रुपये काढले. हा त्याचा शेवटचा निर्विवाद वापर. त्यानंतर कार्ड कोठेतरी पडले. 7 वाजून 12 मिनिटांनी 1,850 रुपयांची आणि 7 वाजून 31 मिनिटांनी 2,400 रुपयांची खरेदी झाल्याचे संदेश आले. त्याने 8 वाजून 5 मिनिटांनी बँकेस दूरध्वनी करून तक्रार क्रमांक घेतला. 8 वाजून 14 मिनिटांनी आणखी 1,200 रुपये गेले. 8 वाजून 26 मिनिटांनी कार्ड बंद झाल्याचा संदेश आला.

पुढील आठवड्यात त्याने पासबुक भरून घेतले, तेव्हा आणखी चार नोंदी दिसल्या. 10 जून रोजी पेट्रोल पंपाचे 500 रुपये आणि मोटारसायकलच्या हप्त्याचे 3,150 रुपये, 11 जून रोजी नव्या कार्डाचे शुल्क 236 रुपये आणि 12 जून रोजी यूपीआयने गेलेले 640 रुपये. या चारही नोंदी कार्ड बंद झाल्यानंतरच्या तारखांच्या असल्या तरी त्यांपैकी एकही तक्रारीस पात्र नाही. पेट्रोल त्याने स्वतःच 7 जूनच्या सकाळी भरले होते. त्याची मंजुरी त्या वेळची आहे. हप्ता ठरलेला आहे. शुल्क 200 रुपये असून त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागला आहे. यूपीआयची रक्कम त्याने स्वतः किराणा दुकानास दिली आहे.

आता उरल्या तीन नोंदी, एकूण 5,450 रुपयांच्या. अनेक खातेदार येथे 5,450 रुपयांची एकच तक्रार लिहितात, आणि नेमकी हीच चूक टाळावयास हवी. 8 वाजून 14 मिनिटांचे 1,200 रुपये कळविल्यानंतरचे आहेत. ते बँकेने सोसावयाचे, यात चर्चेस जागा नाही. पहिल्या दोन नोंदींचे 4,250 रुपये कळविण्यापूर्वीचे असल्यामुळे त्यांच्याबाबत चौकशी होईल. दोन्ही रकमा एकाच वाक्यात लिहिल्यास चौकशी पूर्ण होईपर्यंत निर्विवाद रक्कमही अडकून पडण्याचा संभव असतो. म्हणून अर्जात दोन परिच्छेद करावेत, आणि प्रत्येकात रक्कम, वेळ, संदर्भ क्रमांक व कळविल्याची वेळ मांडावी.

कळविण्यापूर्वीच्या नोंदी

पहिल्या दोन नोंदींबाबत पाहावयाची गोष्ट ही की, पिन वापरला गेला काय? 1 जानेवारी 2021 पासून कार्ड यंत्रास केवळ टेकवून पिनशिवाय खरेदी करण्याची मर्यादा 5,000 रुपये झाली. वरील खरेदी त्या मर्यादेत असल्याने कार्ड सापडलेल्या कोणासही पिन ठाऊक नसताना ती करता आली असती. पिनशिवाय झालेल्या व्यवहारात ‘आपण पिन उघड केला’ हा आक्षेप टिकत नाही. याउलट, एटीएममधून योग्य पिन टाकून पैसे काढले गेले असतील, तर तो पिन अन्य कोणास कसा कळला हा प्रश्न विचारला जाणारच. कार्डाच्या पाकिटातच पिनची चिठ्ठी ठेवली असेल, तर खातेदाराची बाजू दुबळी होते. खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार 2017 च्या परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, हे मात्र अर्जात नमूद करावे.

चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, अशा प्रकरणात व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्या परिपत्रकानुसार खातेदारावर काहीही भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळविल्यास मूलभूत बचत खात्यावर जास्तीत जास्त 5,000 रुपये आणि इतर बचत खात्यांवर 10,000 रुपयांपर्यंत भार येऊ शकतो. संदेश मिळालेला दिवस मोजावयाचा नसतो, आणि दिवस खातेदाराच्या मूळ शाखेच्या कामकाजाप्रमाणे धरावयाचे असतात. वरील उदाहरणात 8 जून हा दुसरा शनिवार आणि 9 जून हा रविवार असल्याने तीन दिवस 10, 11 आणि 12 जून असे येतात. व्यवहाराच्या दिवशी आपल्या बँकेचे जे धोरण अमलात असेल, ते शाखेतून मागून घेऊन अर्जास आधार म्हणून वापरावे.

तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादग्रस्त रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी आणि 90 दिवसांत प्रकरण निकालात काढावे, असेही 2017 मध्ये ठरविण्यात आले. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

उताऱ्यावर दुकानाचे जे नाव छापले जाते ते पुष्कळदा फलकावरील नाव नसून मालकाचे किंवा नोंदणीकृत संस्थेचे असते. नाव अपरिचित आहे एवढ्यावरून नोंद परकी ठरवू नये. रक्कम आणि वेळ पडताळून, घरातील कोणी ते कार्ड वापरले काय हे विचारूनच ती वादग्रस्त यादीत घ्यावी. एखादी स्वतःचीच नोंद चुकून तक्रारीत गेली, तर इतर खऱ्या नोंदींवरील विश्वासही कमी होतो.

दुसरे असे की, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक किंवा कार्यालयीन कर्मचारी अशा छाननीत खातेदारास साहाय्य करतात तेव्हा त्यांनी केवळ उतारा, संदेश आणि तक्रार क्रमांक पाहावेत. पिन, ओटीपी किंवा नव्या कार्डाचा संपूर्ण क्रमांक यांपैकी काहीही या कामास लागत नाही. साहाय्यकर्त्याने ते मागू नये आणि खातेदाराने सांगू नये. अन्यथा पुढील वादात पिन दुसऱ्यास ठाऊक होता, ही गोष्ट खातेदाराच्याच विरुद्ध जाईल.