कपाच्या कानापासून मोजायला सुरुवात करा

भेट मिळालेल्या फोटोच्या मगांमध्ये एक दोष हमखास आढळतो. मग उजव्या हातात धरला की फोटोतला चेहरा पिणाऱ्याकडे बघत नाही, तो थोडा पलीकडे वळलेला असतो. नावाचं शेवटचं अक्षर कानाच्या आड जातं किंवा वरची ओळ काठाच्या गोलाईवर चढते. छपाई स्वच्छ असते, रंगही चांगले उतरलेले असतात. चूक झालेली असते ती संगणकावर आयत आखताना. सपाट आयताच्या मध्यावरून मोजत चित्रं मांडली जातात. पण तो आयत गुंडाळला जाणार असतो गोल भांड्यावर, आणि त्या भांड्याला एक कान असतो.

आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा एक मग उदाहरणादाखल घेऊ. एका बाजूला त्यांचा जुना फोटो, दुसऱ्या बाजूला आत्ताचा आणि मध्ये दोघांची नावं व तारीख. मग नेहमीचा पांढरा, सरळ भिंतीचा. उंची ९६ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ८२ मिलिमीटर. व्यासाला ३.१४ ने गुणलं की परीघ येतो सुमारे २५७.५ मिलिमीटर. पण गुणाकारावर विसंबण्यापेक्षा कागदाची पट्टी मगाभोवती गुंडाळून खूण करावी आणि ती पट्टीने मोजावी. भट्टीतून निघालेले मग अगदी एकसारखे नसतात. एकाच खोक्यातल्या दोन मगांमध्येही मिलिमीटरभर फरक निघतो.

हा सगळा परीघ छापता येत नाही. अशा मगांवर बहुधा सब्लिमेशनची छपाई होते. कागदावर छापलेली शाई साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला वायुरूप होते आणि मगावरच्या पॉलिमरच्या थरात शिरते. त्यासाठी कागद मगाला घट्ट दाबलेला असावा लागतो. मग प्रेसमधला तापणारा पट्टा मगाला वेढतो, पण कानापाशी त्याला थांबावं लागतं. पट्ट्याच्या टोकांशी दाबही कमी पडतो, म्हणून तिथला रंग फिका आणि धूसर उतरतो. आपल्या उदाहरणात छपाईची रुंदी २०५ मिलिमीटर धरू. परिघातून ती वजा केली की कानाच्या बाजूला ५२.५ मिलिमीटर जागा कोरी राहते. त्यातली साधारण १४ मिलिमीटर कानाच्या बुडाखाली जाते. उरलेल्या जागेचे दोन भाग केले की कानाच्या दोन्ही अंगांना १९-१९ मिलिमीटर पांढरं दिसेल. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते. पांढरं दिसतं ती मगाचीच भिंत, त्यामुळे ही जागा नंतर भरून काढता येत नाही.

आता खरी मांडणी. परिघाचे चार समान भाग करा, प्रत्येकी साधारण ६४ मिलिमीटरचे. एका भागाच्या मध्यावर कान येतो. त्याच्या बरोबर समोरचा भाग म्हणजे आयताचा मध्य. उरलेले दोन भाग डाव्या-उजव्या फोटोंचे. कान एका बाजूला ठेवून मग समोर धरला की जो बिंदू अगदी समोर येतो, तो कानाच्या मध्यापासून पाव परीघ, म्हणजे ६४ मिलिमीटरवर असतो. कानाचा मध्य छपाईच्या कडेपासून २६ मिलिमीटर बाहेर आहे. ६४ मधून २६ गेले, राहिले ३८. म्हणून डाव्या फोटोचा मध्य आयताच्या डाव्या कडेपासून ३८ मिलिमीटरवर हवा आणि उजव्याचा उजव्या कडेपासून तितक्याच अंतरावर. बहुतेक जण आयताचे दोन भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर फोटो ठेवतात. ते अंतर ५१ मिलिमीटर होतं आणि चेहरा १३ मिलिमीटर पलीकडे सरकतो.

कोणता फोटो कुठे, हेही इथेच ठरतं. उजव्या हाताने पिणाऱ्याला आयताचा उजवा भाग दिसतो, समोर बसलेल्याला डावा. आजीला चहा पिताना जुना फोटो दिसावा असं वाटत असेल, तर तो उजवीकडे ठेवा. ती डावखुरी असेल तर डावीकडे.

सेफ एरिया म्हणजे महत्त्वाचा मजकूर ज्याच्या आतच राहिला पाहिजे ती चौकट. मगाच्या काठाला आणि बुडाला गोलाई असते, तिथे कागद नीट टेकत नाही. म्हणून वर-खाली चार-चार मिलिमीटर सोडून छपाईची उंची ८८ धरू. टेप लावताना कागद एक-दोन मिलिमीटर सरकतोच, शिवाय कडांना दाब कमी. त्यामुळे चेहरे आणि अक्षरं चारही कडांपासून सहा मिलिमीटर आत ठेवावीत. मग फोटोचा मध्य ३८ वर आणि कड सहावर, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ३२, एकूण रुंदी ६४ मिलिमीटर. हा आकडा बरोबर पाव परिघाएवढा आहे. एका नजरेत मगाची भिंत नीट दिसते ती जवळपास एवढीच. त्यापलीकडे चित्र झपाट्याने आक्रसत जातं. ३०० डीपीआयने छापायचं तर या रुंदीला सुमारे ७५६ पिक्सेल लागतात. ग्रुप फोटोतून कापलेल्या चेहऱ्यात तेवढे आहेत का, ते आधी पाहावं.

पार्श्वभूमीचा रंग मात्र सेफ एरियात थांबवायचा नाही. तो कापण्याच्या रेषेबाहेर दोन मिलिमीटर जाऊ द्यावा, म्हणजे कात्री थोडी हलली तरी कडेला पांढरी रेघ राहत नाही. डाव्या-उजव्या कडेला हा जादा रंग नको असेल आणि टेप छपाईपासून दूर हवी असेल, तर रंग २०५ वरच संपवून दोन्ही टोकांना दहा-दहा मिलिमीटर कोरा कागद ठेवावा. आखीव चौकट टाळावी. कागद दोन मिलिमीटर सरकला की कानाच्या एका बाजूला १७ आणि दुसऱ्या बाजूला २१ मिलिमीटर पांढरं उरतं. सरळ रेघ असली तर तो फरक लगेच डोळ्यात भरतो, विरत जाणाऱ्या कडेत तो लपतो.

बिनकानाच्या ग्लासावर पूर्ण वेढा छापायचा असेल तर गणित बदलतं. तिथे शिंप्याप्रमाणे जोडाला माया ठेवावी लागते. परीघ २५७.५ असेल तर कागद २६०.५ चा घ्यायचा आणि शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये सुरुवातीच्या तीन मिलिमीटरचीच नक्षी पुन्हा छापायची. फुलांची वेल असेल तर तिची आवर्तनं परिघात पूर्ण संख्येत बसवावीत, उदाहरणार्थ ३२.२ मिलिमीटरची आठ. २६०.५ ला आठाने भागलं तर जोडावर फूल तुटतं. खालच्या थराच्या कडेशी वरचा कागद किंचित उचललेला राहतो, त्यामुळे तिथे बारीक फिकी रेघ येऊ शकते. जोड चेहऱ्यावर किंवा गडद सपाट रंगात येऊ देऊ नये.

छापण्याआधी हेच चित्र साध्या कागदावर, उलटं न करता, शंभर टक्के आकारात छापून मगाला गुंडाळून पाहावं. प्रिंटरच्या ‘पानात बसवा’ पर्यायाने रुंदी आक्रसली असेल तर इथेच कळतं. कान उजवीकडे करून मग डोळ्यांच्या पातळीवर धरा. चेहरा समोर आला, दोन्ही पांढऱ्या पट्ट्या सारख्या दिसल्या, तरच सब्लिमेशनचा कागद घालावा. तो छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं करायचं, आणि तेही एकाच ठिकाणी. सॉफ्टवेअरमध्ये आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये दोन्हीकडे उलटवलं तर मगावर अक्षरं उलटी उमटतात. हे सगळे आकडे सरळ भिंतीच्या मगाचे आहेत. खाली निमुळत्या होणाऱ्या मगावर आयताकृती कागद तिरका चढतो. त्याला पंख्यासारखा वक्र साचा लागतो, आणि त्याची मापं वरच्या व खालच्या परिघावरून वेगळी काढावी लागतात.