विश्लेषण : वही तोटा दाखवते, तरी गल्ल्यात पैसे कसे? लघुउद्योगासाठी ‘रोख ब्रेक-इव्हन’चा अर्थ काय?

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी (मेघे) परिसरात भाड्याच्या शेडमध्ये चालणारा एखादा छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. वर्षअखेरीस हिशेब तपासनीस सांगतो, ‘तोटा झाला.’ मालकाला मात्र आठवते की मजुरी, भाडे, वीजबिल आणि व्याज असे सगळे वेळेवर चुकते झाले आणि कोणाकडे हात पसरावा लागला नाही. यात कोणीच खोटे बोलत नाही. दोघे दोन वेगळ्या रेषांवर बोट ठेवून बोलत असतात. त्यातली एक रेषा घसारा धरून काढलेली असते आणि दुसरी घसारा वगळून. दुसऱ्या रेषेवरून मिळणाऱ्या बिंदूला रोख ब्रेक-इव्हन किंवा रोखीचा ना-नफा-ना-तोटा बिंदू म्हणतात. तो कसा काढायचा, आलेखावर कसा वाचायचा आणि कुठे फसवतो, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरणातला कारखाना कोणता?

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे उदाहरणही हळद पावडरीच्याच युनिटचे घेऊ. पुढील आकडे कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याचे नाहीत. गणित समजावे म्हणून ते सोपे धरले आहेत आणि जीएसटी त्यात नाही.

पल्व्हरायझर, चाळणी, पॅकिंग मशीन आणि वीजजोडणी मिळून यंत्रसामग्री १२ लाख रुपयांची. वर्षाची क्षमता ३०,००० किलो, म्हणजे ३०० दिवस रोज १०० किलो. पावडर घाऊक भावाने २०० रुपये किलोने जाते. एका किलोमागे कच्ची हळद, दळताना होणारी घट, पाकीट, दळणाची वीज आणि वाहतूक असा १६० रुपये खर्च होतो. माल जितका जास्त, तितका हा खर्च जास्त, म्हणून त्याला बदलता खर्च म्हणतात. उरलेले ४० रुपये म्हणजे एका किलोचे अंशदान. स्थिर खर्च याच ४० रुपयांतून भागवायचा असतो.

माल विकला गेला नाही तरी स्थिर खर्च चुकत नाही. शेडचे भाडे १,४४,०००, दोन कायम कामगारांचे पगार ३,००,०००, विमा, परवाने, फोन आणि हिशेब यांचे ६०,०००, आठ लाखांच्या कर्जावर १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज ढोबळमानाने ९६,०००. ही बेरीज ६ लाख होते. यंत्रे दहा वर्षे चालतील असे धरल्यास घसारा दरवर्षी १,२०,००० रुपये. एकूण स्थिर खर्च ७,२०,००० रुपये.

घसारा का वगळायचा?

घसारा हा खरा खर्च आहे, पण त्याचे पैसे आधीच दिलेले असतात. यंत्र घेतले त्या दिवशी १२ लाख गेले. पुढची दहा वर्षे हिशेबाची वही त्याचा एकेक हिस्सा त्या त्या वर्षावर टाकते. यंदा घशाऱ्याचे बिल घेऊन कोणी दारात येत नाही. म्हणून ‘या वर्षी रोखीने भागेल का?’ एवढाच प्रश्न असेल तर घसारा बाजूला ठेवावा लागतो.

गणित सरळ आहे. नेहमीचा ब्रेक-इव्हन काढताना ७,२०,००० ला ४० ने भागायचे, उत्तर १८,००० किलो. रोख ब्रेक-इव्हनसाठी ६,००,००० ला ४० ने भागायचे, उत्तर १५,००० किलो. क्षमतेच्या हिशेबात पहिला बिंदू ६० टक्क्यांवर आणि दुसरा ५० टक्क्यांवर.

रोख बिंदूचा आणखी एक फायदा आहे. घसारा मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. प्राप्तिकरात यंत्रसामग्रीवर साधारणपणे घटत्या किमतीवर १५ टक्के दर लागतो. त्या पद्धतीने पूर्ण पहिल्या वर्षाचा घसारा १,८०,००० होतो आणि नेहमीचा बिंदू १८,००० वरून १९,५०० किलोवर सरकतो. कारखान्यात काहीच बदललेले नसते, बदलते ती केवळ मोजण्याची रीत. रोखीचा बिंदू मात्र १५,००० वरच राहतो.

आलेख कसा काढायचा, कसा वाचायचा?

आडव्या अक्षावर वर्षाची विक्री किलोत, शून्य ते ३०,०००. उभ्या अक्षावर रुपये, शून्य ते ६० लाख. विक्रीची रेषा शून्यातून निघते आणि ३०,००० किलोवर ६० लाखांना पोहोचते. एकूण खर्चाची रेषा शून्य विक्रीला ७.२ लाखांवरून सुरू होते आणि ५५.२ लाखांवर संपते. तिसरी रेषा रोख खर्चाची. ती ६ लाखांवरून सुरू होऊन ५४ लाखांवर संपते.

खर्चाच्या दोन्ही रेषा समांतर राहतात. त्यांच्यातले उभे अंतर सगळीकडे १.२ लाख, म्हणजे नेमका घसारा. विक्रीची रेषा रोख खर्चाला १५,००० किलो आणि ३० लाख रुपयांवर छेदते, तर एकूण खर्चाला १८,००० किलो आणि ३६ लाखांवर. या दोन बिंदूंमधल्या ३,००० किलोच्या पट्ट्यात सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर आहे.

समजा वर्षाला १६,५०० किलो विक्री झाली. तिथून उभी रेघ वर न्या. विक्री ३३ लाख, एकूण खर्च ३३.६ लाख, रोख खर्च ३२.४ लाख. वहीत ६०,००० चा तोटा आणि हातात ६०,००० शिल्लक. हिशेब तपासनीसही बरोबर आणि मालकही बरोबर.

आलेख वाचताना एक सावधगिरी हवी. या धंद्यात २०० रुपयांतले १६० खर्चातच जातात, त्यामुळे रेषा एकमेकींना फार अरुंद कोनात छेदतात. एक सेंटिमीटरला पाच लाख हे प्रमाण घेतले, तर छेदबिंदूपासून १,००० किलो पुढे गेल्यावरही दोन रेषांमधले उभे अंतर एक मिलिमीटर भरत नाही. जाड पेन्सिलीने काढलेल्या आलेखावर वाचनात हजारभर किलोची चूक सहज होते. आलेखावरून चित्र समजून घ्यावे, आकडा भागाकाराने पडताळावा.

मग कर्जाचा हप्ता कुठे गेला?

सर्वाधिक फसगत इथे होते. वरच्या खर्चात व्याज आहे, मुद्दल नाही. मुद्दलाची परतफेड नफा-तोट्याच्या हिशेबात खर्च म्हणून येत नाही, ती ताळेबंदातले कर्ज कमी करते. पैसे मात्र खात्यातूनच जातात.

आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांत फेडायचे असेल तर वर्षाला १,६०,००० मुद्दल. रोख स्थिर गरज ७,६०,००० होते आणि ४० ने भागल्यावर उत्तर येते १९,००० किलो. हा बिंदू १५,००० च्या तर पुढे आहेच, नेहमीच्या १८,००० च्याही पुढे आहे. कारण घसारा १,२०,००० आणि मुद्दल १,६०,००० आहे. यंत्राचे आयुष्य दहा वर्षे आणि कर्ज पाच वर्षांचे असले की असे होते.

आता १६,५०० किलोचे वाचन पुन्हा पाहा. हाती उरलेल्या ६०,००० मधून १,६०,००० मुद्दल फेडायचे आहे, म्हणजे एक लाख कमी. १८,५०० किलो विक्री झाली तर वही २०,००० नफा दाखवेल, तरी हप्त्यासाठी २०,००० कमीच पडतील. ‘नफा आहे, मग हप्ता का थकला?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा यातच असते.

बँकेने सुरुवातीला मुद्दलाला सवलतीचा काळ दिला असेल तर त्या काळात १५,००० ची रेषा लागू पडते आणि सगळे सुरळीत वाटते. सवलत संपताच रेषा एकदम १९,००० वर जाते. व्याज दरवर्षी थोडे कमी होत असल्याने पुढे हा आकडा हळूहळू खाली येतो. प्रकल्प अहवालात ब्रेक-इव्हनचा एकच टक्का लिहिलेला असेल, तर त्यात घसारा धरला आहे का आणि मुद्दल धरले आहे का, हे दोन प्रश्न अर्जदाराने स्वतः विचारायला हवेत.

मालकाच्या घरखर्चाचे काय?

एकट्या मालकीच्या धंद्यात मालक घरासाठी जी उचल करतो, तीही खर्चात दिसत नाही. महिन्याला १०,००० उचलले तर वर्षाचे १,२०,०००, म्हणजे आणखी ३,००० किलो. हप्ता आणि घर दोन्ही चालायचे तर विक्री २२,००० किलो हवी. क्षमतेच्या हिशेबात ती सुमारे ७३ टक्के होते.

रोख बिंदू कुठे फसवतो?

पहिली फसवणूक उधारीची. आलेख विकलेल्या मालाला लगेच रोख धरतो. १६,५०० किलो विक्रीत दोन महिन्यांची उधारी असेल तर २,७५० किलोचे, म्हणजे साडेपाच लाख रुपये, कायम दुकानदारांकडे अडकलेले राहतात. हळदीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. कच्चा माल एकदम भरून ठेवला तर पैसे गोदामातही अडकतात. त्यासाठी खेळते भांडवल वेगळे लागते, हा आलेख ते दाखवत नाही.

दुसरी भावाची. कच्च्या हळदीमुळे किलोमागचा खर्च दहा रुपयांनी वाढला आणि पावडरीचा भाव वाढवता आला नाही, तर अंशदान ३० रुपये उरते. रोख बिंदू १५,००० वरून २०,००० किलोवर आणि नेहमीचा बिंदू १८,००० वरून २४,००० वर जातो. दहा रुपये ही विक्रीभावाच्या पाच टक्केच रक्कम, पण बिंदू एक तृतीयांशाने पुढे सरकतो. म्हणून हंगामात भाव ठरताच आलेख नव्याने काढावा.

तिसरी फसवणूक संथ असते. १५,००० ते १८,००० च्या पट्ट्यात कारखाना एखादे मंदीचे वर्ष काढू शकतो. अशा वेळी वहीतला तोटा पाहून लगेच टाळे लावणे घाईचे ठरेल, कारण टाळे लावले तरी यंत्रावर गेलेले पैसे परत येत नाहीत. पण वर्षानुवर्षे त्याच पट्ट्यात राहिले, तर झिजलेल्या यंत्राच्या बदलीसाठी पुरेसा पैसा साठत नाही. पल्व्हरायझर बंद पडेल त्या दिवशी, वगळलेला घसारा एकरकमी बिल होऊन समोर येतो.

त्यामुळे भिंतीवर एकच आकडा लावण्यापेक्षा तीन लावावेत. १५,००० किलो, म्हणजे रोजचे देणे भागते. १८,००० किलो, म्हणजे यंत्राची झीजही भरून निघते. १९,००० किलो, म्हणजे बँकेचा हप्ताही जातो. दर महिन्याची विक्री बाराने गुणून या तिन्हींशी ताडून पाहिली, तर कमतरता मार्चपर्यंत लपून राहत नाही. विक्री हंगामी असेल तर एका महिन्याऐवजी मागच्या बारा महिन्यांची बेरीज घ्यावी.