मेमरी भरते तेव्हा लिनक्स का गोठते

लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपची रॅम भरत आली की पुष्कळदा कोणताही प्रोग्राम बंद पडत नाही, सगळा लॅपटॉपच जागच्या जागी थिजतो. कर्सर हलत नाही, किंवा हलला तरी क्लिक लागत नाही. चालू गाण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि हार्ड डिस्कचा दिवा विझायचे नाव घेत नाही. पाच-दहा मिनिटे वाट पाहून वापरणारा शेवटी पॉवरचे बटण दाबून धरतो, आणि न साठवलेले काम जाते. मेमरी संपली तर एखादा प्रोग्राम मारून टाकण्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे. तिला आउट ऑफ मेमरी किलर, थोडक्यात ओओएम किलर म्हणतात. मग ही सोय ऐन वेळी धावून का येत नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कर्नल मेमरी कशी मोकळी करतो यात आहे.

कर्नल रॅमचा हिशेब पानांमध्ये ठेवतो. नेहमीच्या लॅपटॉपवर एक पान ४ केबीचे असते. ही पाने मुख्यतः दोन जातींची. पहिल्या जातीत डिस्कवरच्या फाइलींमधून वाचलेला मजकूर असतो: उघडलेले फोटो, दस्तऐवज आणि मुख्य म्हणजे चालू प्रोग्रामचा स्वतःचा कोड. दुसऱ्या जातीत प्रोग्रामने चालता चालता तयार केलेली माहिती असते, उदाहरणार्थ ब्राउझरच्या टॅबमधले मांडलेले पान किंवा फोटो संपादकातले अर्धवट चित्र. पहिल्या जातीचे पान बदललेले नसेल तर ते बिनदिक्कत फेकता येते, कारण मूळ प्रत डिस्कवर आहेच. दुसऱ्या जातीच्या पानाची प्रत कुठेच नसते. ते रॅममधून हलवायचे तर ठेवायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे स्वॅप. स्वॅप नसेल तर ही पाने रॅमला चिकटून राहतात.

आता ८ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि स्वॅप नाही असा लॅपटॉप घेऊ. त्यातली सुमारे ७.७ जीबी रॅम वापरायला मिळते. कर्नलला स्वतःसाठी ३०० एमबी लागतात आणि ब्राउझर, फोटो संपादक वगैरेंची स्वतःची माहिती ७ जीबीची झाली आहे असे धरू. उरलेल्या ४०० एमबीमध्ये चालू प्रोग्रामचा कोड जेमतेम बसतो आणि काम सुरळीत चालते. वापरणाऱ्याने आणखी दोन-तीन टॅब उघडले, माहिती २०० एमबीने वाढली. ती हलवायला स्वॅप नाही, म्हणून कर्नल फेकण्याजोगी पाने शोधतो आणि त्याच्या हाती चालू प्रोग्रामचा कोडच लागतो. ज्या कोडमुळे खिडक्या रेखाटल्या जातात आणि क्लिक ओळखला जातो, तोच बाहेर जातो. पुढच्याच क्षणी त्याची गरज पडते, तो डिस्कवरून परत वाचावा लागतो आणि त्याला जागा करण्यासाठी दुसरे गरजेचे पान बाहेर जाते. या अखंड ये-जा करण्याला थ्रॅशिंग म्हणतात.

२०० एमबी म्हणजे ५१,२०० पाने. फिरत्या डिस्कला वेगवेगळ्या ठिकाणचे एक पान आणायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एकेक करून सगळी आणायची तर साडेआठ मिनिटे जातील. कर्नल शेजारची पाने सोबत वाचून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ कमी लागतो, पण आणलेली पाने लगेच पुन्हा फेकली जात असल्याने फेरा संपतच नाही. एसएसडीवर एक वाचन साधारण शंभरपट लवकर होते. तिथे लॅपटॉप पूर्ण थिजण्याऐवजी अडखळत चालतो, दुखणे मात्र तेच. ते ओळखण्याची खूणही आहे. टर्मिनल आधीपासून उघडे असेल तर `vmstat 1` ही आज्ञा दर सेकंदाला एक ओळ दाखवते. स्वॅप नसल्याने `si` आणि `so` हे रकाने शून्यावर असतात, पण डिस्कवरून वाचलेल्या ठोकळ्यांचा `bi` हा रकाना सतत फुगलेला दिसतो. कुणी एकही फाइल उघडत नसताना हे वाचन कशाचे? फेकलेल्या कोडचे.

ओओएम किलर या काळात गप्प राहतो, कारण कर्नलच्या लेखी मेमरी संपलेलीच नाही. नवीन पान हवे असले की कर्नल जुनी पाने मोकळी करून पाहतो, आणि एकही पान हाती न लागता सलग १६ प्रयत्न वाया गेले की मगच हात टेकतो. थ्रॅशिंगमध्ये प्रत्येक प्रयत्नात काही ना काही सुटतेच, कारण नुकतेच आणलेले कोडचे पान फेकायला तयार असते. एवढ्याशा यशानेही मोजणी पुन्हा शून्यावर येते. काम पुढे सरकते आहे की तीच पाने गोल फिरत आहेत, हे कर्नल या ठिकाणी पाहत नाही. दोष नेमका इथे आहे. ओओएम किलर बिघडलेला नसतो. तो कर्नलला वाचवण्यासाठी आहे, वापरणाऱ्याचा वेळ वाचवण्यासाठी नाही.

तो जागा झाला की निवड गुणांवर करतो. प्रोग्रामने रॅम आणि स्वॅप मिळून एकूण मेमरीचा किती हिस्सा व्यापला आहे ते हजारात मोजायचे आणि त्यात `oom_score_adj` हा उणे १००० ते अधिक १००० मधला आकडा मिळवायचा. ज्याचे गुण सर्वांत जास्त तो मारला जातो. नंतर कर्नलच्या नोंदींत अशी ओळ सापडते:

```
Out of memory: Killed process 4127 (chrome) ... anon-rss:1187340kB ... oom_score_adj:300
```

इथे टॅबने सुमारे १.१ जीबी व्यापली आहे, म्हणजे ७.७ जीबीच्या हिशेबाने साधारण १५० गुण. क्रोम आपल्या टॅबना मुद्दाम ३०० गुण वाढवून देतो, म्हणून एकूण ४५० झाले. शेजारी २ जीबी घेऊन बसलेल्या फोटो संपादकाचे गुण २६० च भरतात. म्हणून मोठा संपादक वाचतो आणि लहान टॅब जातो. ही योजना शहाणपणाची आहे, कारण टॅब पुन्हा उघडता येतो, अर्धवट चित्र परत मिळत नाही. लॅपटॉप बटण दाबून बंद केला असेल तर सुरू झाल्यावर `journalctl -k -b -1` ने मागच्या खेपेच्या नोंदी पाहता येतात. अशी ओळ तिथे नसली म्हणून मेमरीचा प्रश्न नव्हता असे ठरत नाही. पुष्कळदा किलरवर पाळी येण्याआधीच बटण दाबलेले असते.

मुळात मेमरी इतकी भरू का दिली जाते? प्रोग्राम मेमरी मागतात त्यापेक्षा पुष्कळ कमी वापरतात, म्हणून कर्नल जवळ आहे त्याहून जास्त कबूल करतो. कार्याच्या पत्रिका पाचशे वाटायच्या आणि पाने साडेतीनशे मांडायची, तसे हे आहे. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. सगळेच पंगतीला आले की पंचाईत होते.

स्वॅपकडे रॅम संपल्यावरची जादा रॅम म्हणून पाहिले जाते, आणि हा समज चुकीचा आहे. स्वॅपचे खरे काम कर्नलला निवड मिळवून देणे हे आहे. सकाळी उघडलेल्या आणि दिवसभर न पाहिलेल्या टॅबची माहिती स्वॅपमध्ये गेली की तेवढी रॅम कोडसाठी मोकळी होते. वरच्या उदाहरणात अशी निजलेली २०० एमबी माहिती बाहेर गेली असती, तर लॅपटॉप थिजला नसता. मात्र फिरत्या डिस्कवर ८-१६ जीबीचे स्वॅप करून ठेवल्यास उलटा परिणाम होऊ शकतो. एखादा प्रोग्राम बेसुमार मेमरी खात सुटला तर ते मोठे स्वॅप हळूहळू भरेपर्यंत ओओएम किलर थांबून राहतो आणि तेवढा वेळ हाल चालूच राहतात.

झेडरॅमने डिस्कचा संथपणा टाळला जातो. यात रॅममध्येच एक कल्पित डिस्क तयार होते आणि तिच्याकडे पाठवलेले पान दाबून, आकसून ठेवले जाते. नितीन गुप्ता यांनी कॉम्पकॅश या नावाने ही योजना सुरू केली, आणि २०१४ मध्ये ३.१४ या आवृत्तीत ती प्रायोगिक विभागातून कर्नलच्या मुख्य भागात आली. फेडोराने २०२० मधल्या ३३ व्या आवृत्तीपासून झेडरॅमवरचे स्वॅप आपोआप चालू ठेवले. ४ जीबीची झेडरॅम डिस्क सुरुवातीलाच ४ जीबी रॅम अडवत नाही. रिकामी असताना ती आकाराच्या हजाराव्या हिश्श्याइतकी, म्हणजे सुमारे ४ एमबी घेते. तीत ३ जीबी पाने गेली आणि ती एकास तीन आकसली, तर ती १ जीबीत मावतात आणि २ जीबी रॅम सुटते. `zramctl` ही आज्ञा हाच हिशेब मांडते: `DATA` मध्ये मूळ आकार, `TOTAL` मध्ये प्रत्यक्ष व्यापलेली रॅम. पान परत उलगडायला प्रोसेसरला थोडे श्रम पडतात, पण डिस्कपर्यंत जाण्यापुढे ते नगण्य आहेत.

झेडरॅमलाही मर्यादा आहेत. आधीच दाबलेली किंवा कूटबद्ध केलेली माहिती आकसत नाही, तिथे लाभ जवळजवळ शून्य. लॅपटॉपची स्थिती जतन करून वीज पूर्ण बंद करण्याच्या सोयीसाठी झेडरॅम चालत नाही, कारण वीज गेली की तीही पुसली जाते. झेडरॅमच्या जोडीला डिस्कवरचे स्वॅप कमी प्राधान्याने ठेवले तर आणखी एक अडचण येते. सर्वांत आधी बाहेर पडलेली, म्हणजे सर्वांत निजलेली पाने वेगवान झेडरॅममध्ये ठाण मांडतात, आणि नंतरची, जास्त लागणारी पाने संथ डिस्कवर जातात. डिस्कवर स्वॅप ठेवायचेच असेल तर झेडस्वॅप ही बहीण बरी. ती आकसलेली पाने रॅममध्ये ठेवते आणि जुनी होतील तशी डिस्कवर उतरवते.

गोठण्याची चाहूल आधी लागावी यासाठी २०१८ च्या अखेरीस आलेल्या ४.२० आवृत्तीपासून कर्नल दाबाचे माप देतो. `cat /proc/pressure/memory` लिहिले की दोन ओळी येतात, त्यांची सुरुवात अशी असते:

```
some avg10=62.40 ...
full avg10=48.73 ...
```

याचा अर्थ, गेल्या १० सेकंदांपैकी ६२ टक्के वेळ निदान एक काम मेमरीसाठी खोळंबले होते आणि ४८ टक्क्यांहून जास्त वेळ सगळीच खोळंबली होती. मोकळी रॅम किती, या आकड्यापेक्षा हे माप खरे सांगते. `systemd-oomd` हा पहारेकरी याच मापावर आणि स्वॅपच्या भरण्यावर लक्ष ठेवतो आणि कर्नलची वाट न पाहता प्रोग्राम मारतो. तो एकेक प्रक्रिया न निवडता पूर्ण गट मारतो, त्यामुळे एका टॅबऐवजी सगळा ब्राउझर जाऊ शकतो. `earlyoom` याची रीत साधी आहे. उपलब्ध रॅम आणि रिकामे स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तो सर्वाधिक गुणांच्या प्रोग्रामला बंद होण्याची विनंती पाठवतो, आणि ५ टक्क्यांखाली गेले की सरळ मारतो. जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवर झेडरॅम आणि यांपैकी एक पहारेकरी ही जोडी पुरेशी ठरते.

एवढे करूनही लॅपटॉप थिजलाच, तर पॉवरच्या बटणाआधी `Alt`, `SysRq` आणि `F` या कळा एकत्र दाबून पाहाव्यात. त्याने ओओएम किलर तत्काळ चालतो आणि थ्रॅशिंगमध्येही कर्नलपर्यंत हा इशारा सहसा पोहोचतो. मात्र उबंटू आणि फेडोरा ही कळ मुळात बंद ठेवतात. ती आधीच चालू करून ठेवावी लागते:

```
sudo sysctl kernel.sysrq=240
```

या आकड्यात प्रोग्राम मारण्याच्या परवानगीचा ६४ हा हिस्सा आहे. उबंटूच्या मूळच्या १७६ मध्ये तो नाही. पुन्हा सुरू केल्यावरही ही परवानगी टिकायची असेल तर `kernel.sysrq=240` ही ओळ `/etc/sysctl.d` मधल्या `99-sysrq.conf` अशा एखाद्या फाइलीत लिहून ठेवावी.